वेणी, पीळ आणि जटा यांना कलप : रंग आत जावा आणि बाहेरही यावा

आपल्या भाषेत केसांच्या रचनेसाठी शब्दांची वाण नाही. तीनपेडी वेणी, पाचपेडी वेणी, अंबाडा, खोपा, गंगावन, बट, पीळ, गुंता, जट हे शब्द आपल्या आजीच्या तोंडी सहज येत असत. पांढरे केस काळे करणाऱ्या द्रव्यालाही ‘कलप’ हा सुटसुटीत शब्द आपल्याकडे पूर्वीपासून आहे. तथापि कलप आणि वेणी या दोन गोष्टी एकत्र येण्याचा प्रसंग पूर्वी क्वचितच उद्भवे. कलप मोकळ्या केसांना लावायचा, केस धुवायचे, वाळवायचे आणि मग वेणी घालायची, असा क्रम ठरलेला होता. आज परिस्थिती पालटली आहे. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी नागपूर, पुणे, मुंबई येथे गेलेली मुले-मुली डोकेभर बारीक वेण्या घालून किंवा हेतुपूर्वक जटा वळवून घेऊन सुटीत घरी येतात. अशी रचना बसवायला बराच वेळ आणि पैसा लागतो. म्हणून ती न मोडता केस रंगवावेत, अशी त्यांची इच्छा असते. तेव्हा न्हाव्याच्या दुकानात, ब्यूटी पार्लरमध्ये आणि पुढे दवाखान्यातही एकच प्रश्न विचारला जातो : रचना न सोडता कलप लावता येतो काय?

या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की, वेणी आणि पीळ सोडून रंगवावेत. जटा सोडता येत नाहीत म्हणून त्या रंगवण्याची रीत निराळी. आणि गुंता होऊन एकजीव झालेला जटेचा गठ्ठा रंगवूच नये. ही तिन्ही उत्तरे एकाच तत्त्वावर उभी आहेत. कलप केसांपर्यंत आत पोहोचला पाहिजे, हे सर्वांना समजते. परंतु जो कलप आत गेला, तो काम संपल्यावर पाण्याबरोबर बाहेरही आला पाहिजे, ही दुसरी बाजू विसरली जाते. बहुतेक तक्रारी या विस्मृतीतून निर्माण होतात.

कलपाचे काम कसे चालते

केसाच्या बाहेरून कौलांसारखे एकावर एक बसलेल्या खवल्यांचे आवरण असते. त्याच्या आत केराटिन नावाच्या प्रथिनाचा गाभा असतो आणि केसाचा नैसर्गिक रंग या गाभ्यात असतो. बाजारातील कायम टिकणारा कलप दोन भागांत येतो. एका भागात अमोनियासारखे अल्कधर्मी द्रव्य आणि रंगाची मूळ द्रव्ये असतात. काळ्या व गडद तपकिरी छटांत त्यांपैकी पॅराफेनिलिनडायअमिन हे प्रमुख असते. डॉक्टर मंडळी त्याला ‘पीपीडी’ म्हणतात. दुसऱ्या भागात हायड्रोजन पेरॉक्साइड असते. दुकानात ज्याला ‘२० व्हॉल्यूम’ म्हणतात, त्यात ते ६ टक्के असते. ‘१० व्हॉल्यूम’मध्ये ३ टक्के आणि ‘३० व्हॉल्यूम’मध्ये ९ टक्के.

हे दोन भाग एकत्र केले की प्रक्रिया सुरू होते. अल्कधर्मी द्रव्यामुळे केस फुगतो, खवले सैल होतात आणि रंगाचे लहान रेणू गाभ्यात शिरतात. तेथे पेरॉक्साइडमुळे त्यांचे एकमेकांशी संयोग होऊन मोठे रंगीत रेणू तयार होतात. हे मोठे रेणू पुन्हा बाहेर पडू शकत नाहीत. म्हणून रंग टिकतो. यातून व्यवहाराच्या दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, मिश्रणाचे आयुष्य थोडे असते. साधारणतः अर्ध्या-पाऊण तासात वाटीतले मिश्रण वाटीतच ‘पिकते’. मोठे झालेले रेणू मग केसात शिरत नाहीत, वरच्यावर चिकटून राहतात. दुसरी अशी की, पूर्ण तयार झालेला रंग त्वचेला फारसा त्रास देत नाही. अर्धवट प्रक्रिया झालेले, न धुतलेले मिश्रण मात्र त्वचेला बाधते. जटेच्या पोटात नेमके हेच साचून राहण्याचा संभव असतो.

वेणी आणि पीळ : बांधणीचा न्याय

बांधणीची साडी कशी रंगवतात, हे पुष्कळांना ठाऊक असेल. कापडाला जेथे दोऱ्याची घट्ट गाठ मारली जाते, तेथे रंग शिरत नाही. गाठ सोडली की पांढरे ठिपके दिसतात. घट्ट वेणीला कलप लावला असता हेच घडते. तीन पेड जेथे एकमेकांवरून जातात, तेथे ते परस्परांना दाबून धरतात. वेणी वरून एकसारखी रंगलेली दिसते. परंतु पंधरा दिवसांनी ती सोडली की प्रत्येक केसावर रंगीत व बिनरंगी पट्टे आळीपाळीने आढळतात. दोन पेडांचे पीळ तुलनेने सैल असतात. तरीही आतली बाजू कोरी राहतेच.

म्हणून वेणी वा पीळ यांच्याबाबत नियम सोपा आहे. आधी रचना सोडावी, केस विंचरून गुंता काढावा, कलप लावावा, स्वच्छ धुवून पूर्ण वाळवावा आणि नंतरच नव्याने वेण्या घालाव्यात. या दोन क्रियांमध्ये एक-दोन आठवड्यांचे अंतर ठेवणे श्रेयस्कर होय. नुकत्याच कलप लावलेल्या केसांची लवचिकता कमी झालेली असते आणि टाळूची त्वचाही थोडी चाळवलेली असते. त्यावर लगेच घट्ट वेण्या ओढल्या तर कपाळाच्या कडेचे व कानशिलावरचे केस तुटतात आणि मुळांवर ताण येतो. हा ताण महिनोन्महिने चालू राहिला, तर त्या भागातील केस विरळ होऊन ते पुन्हा न येण्याची अवस्था संभवते.

डोकेभर बारीक वेण्यांमध्ये बहुधा बाहेरचे केस गुंफलेले असतात. हे आजचे गंगावनच होय. ते खऱ्या केसांचे आहे की कृत्रिम धाग्याचे, हे आधी पाहावे. दोन-तीन तंतू काढून चिमट्यात धरावेत आणि डोक्यापासून दूर काडीपेटीच्या ज्योतीला लावावेत. खरा केस जळताना केस जळल्याचा परिचित वास येतो आणि मागे चुरगळणारी राख राहते. कृत्रिम तंतू वितळतो आणि त्याचा टणक मणी बनतो. कृत्रिम तंतूत केराटिन नसते. त्यामुळे केसांच्या कलपाने तो रंगत नाही. अशा वेणीला कलप लावला तर स्वतःचे केस रंगतात, गंगावन जसेच्या तसे राहते आणि दोन्हींतला फरक पूर्वीपेक्षा अधिक उठून दिसतो. येथे उलट क्रम धरावा. हव्या त्या रंगाचे गंगावन निवडावे, त्याला जुळेल असा कलप स्वतःच्या मोकळ्या केसांना आधी लावावा आणि मग दोन्ही गुंफावेत.

जटा : दोन प्रकार, दोन उत्तरे

जटांबाबत बोलताना प्रथम एक भेद करणे अगत्याचे आहे. हेतुपूर्वक वळवलेल्या जटा वेगळ्या आणि आपोआप गुंता होऊन बनलेली जट वेगळी.

महाराष्ट्रात व सीमाभागात अनेक स्त्रियांच्या डोक्यावर जट दिसते. केस न विंचरल्याने, आजारपणात अंथरुणावर पडून राहिल्याने किंवा घाम, तेल व मळ यांमुळे केस एकमेकांत अडकतात आणि कालांतराने त्यांचा नमदा बनतो. वैद्यकीय ग्रंथांत याला ‘प्लिका’ म्हणतात. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपात, विशेषतः पोलंडमध्ये, तो स्वतंत्र रोग मानला जाई आणि जट कापल्यास रोग्याचे वाईट होईल, अशी तेथील लोकांची समजूत होती. आपल्याकडे सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीच्या भक्तिपरंपरेत जट ही देवीची आज्ञा मानली गेली आणि ती कापल्यास कोप होईल, ही भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा अनेक स्त्रियांशी बोलून, त्यांची भीती घालवून, त्यांच्या संमतीने जटा सोडवल्या आहेत. मनाची तयारी झाल्यावर कात्री चालवायची, ही त्यांची रीत डॉक्टरांनीही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अशी जट पुष्कळदा एकसंध गठ्ठ्याच्या रूपात असते. तिच्या मुळाशी टाळू दिसत नाही. आत उवा, पू, जखम वा बुरशी असू शकते. घरात लग्न निघाले की पांढरी पडलेली जट काळ्या मेंदीने काळी करावी, असा विचार होतो. तो टाळावा. गठ्ठ्याच्या आत गेलेले द्रव्य धुवून निघण्याचा मार्ग नसतो. आणि बाहेरून काळीभोर झालेली जट आतला आजार मात्र झाकून टाकते. अशा वेळी टाळूची तपासणी आणि जटेविषयीचा मनमोकळा संवाद ही दोन कामे आधी करावीत. कलपाचा विचार त्यानंतर, मोकळ्या झालेल्या केसांबाबत करावा.

हेतुपूर्वक वळवलेल्या जटांचे तसे नाही. त्यांत केसांचे ठराविक भाग पाडलेले असतात, दोन जटांमधील टाळू मोकळी दिसते, त्या नियमाने धुतल्या जातात आणि पेन्सिल वा बोटाएवढी त्यांची जाडी असते. त्या रंगवता येतात. पुढील विवेचन याच प्रकाराविषयी आहे.

एक उदाहरण

उदाहरणादाखल असे समजू की, परसवाड्याची एक मुलगी पुण्यात शिकते. तीन वर्षांपूर्वी तिने ६० जटा वळवून घेतल्या. प्रत्येकीची लांबी ३५ सेंटिमीटर आणि जाडी ८ मिलिमीटर. उन्हाने टोके तांबूस झाली आहेत, म्हणून सर्व जटा एकसारख्या गडद तपकिरी कराव्यात, अशी तिची इच्छा आहे. मोठ्या बहिणीचे लग्न महिन्याच्या २० तारखेला आहे.

प्रथम कलप किती लागेल, याचा हिशेब करू. एक जट म्हणजे ४ मिलिमीटर त्रिज्येचा व ३५ सेंटिमीटर लांबीचा दंडगोल. त्याचे घनफळ सुमारे साडेसतरा घन सेंटिमीटर येते. अशा ६० जटांचे एकूण घनफळ एक लिटरहून किंचित अधिक होते. यात केस थोडे आणि पोकळी जास्त आहे. म्हणजे जट हा एक प्रकारचा स्पंजच आहे. मोकळ्या केसांसाठी तयार केलेले १०० मिलिलिटर मिश्रण येथे घनफळाच्या दहाव्या हिश्श्याएवढेही भरत नाही. ते जटेच्या पृष्ठभागावरच संपेल. त्यामुळे मोकळ्या केसांना जेवढा कलप लागतो, त्याच्या अडीच-तीन पट, म्हणजे सुमारे ३०० मिलिलिटर मिश्रणाची तयारी ठेवावी. परंतु हे सारे एकदम कालवू नये. ६० जटा हाताळण्यास तास-सव्वा तास सहज लागतो आणि तोपर्यंत मिश्रण पिकून जाते. डोक्याचे चार भाग पाडावेत आणि प्रत्येक भागासाठी ७५ मिलिलिटर मिश्रण त्या त्या वेळी कालवावे. लावणारी माणसे दोन असावीत. प्रत्येक भागाची वेळ कागदावर स्वतंत्र लिहून ठेवावी, कारण धुण्याचा क्रमही तोच राहणार आहे.

आता तारखा पाहू. १ तारखेला त्वचेची चाचणी करावी. पाकिटावरील सूचनेप्रमाणे थोडासा कलप कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूस रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर लावावा. आपल्या देशात पीपीडी असलेल्या कलपाच्या पाकिटावर अशा पूर्वचाचणीची आणि हा कलप भुवया व पापण्यांना न लावण्याची ताकीद छापणे कायद्याने आवश्यक आहे. डोळ्यात गेल्यास अंधत्व येऊ शकते, हे त्यामागचे कारण. पीपीडीची प्रतिक्रिया विलंबाने येणाऱ्या प्रकारची असते. बहुधा ती ४८ ते ७२ तासांत उमटते. म्हणून सकाळी लावून संध्याकाळी ‘काही झाले नाही’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे होय. आपल्या उदाहरणात ४ तारखेपर्यंत त्या जागेवर लक्ष ठेवावे. खाज, लाली, पुरळ किंवा फोड यांपैकी काही दिसल्यास तो कलप वापरू नये. चाचणीत काही दिसले नाही म्हणजे पूर्ण अभय मिळाले, असेही नव्हे. ज्यांना पूर्वी कलपाने किंवा अंगावर काढलेल्या काळ्या मेंदीच्या नक्षीने त्रास झाला आहे, त्यांनी घरी चाचणीही करू नये. त्यांनी थेट डॉक्टरांकडे जावे.

४ तारखेला जटा साध्या शाम्पूने धुवाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात. मेण, तेल वा जेल जटेत असेल तर कलप त्यावरून ओघळून जातो. मेणाचे पुट दिसत असल्यास आणखी एकदा धुवावे. ६ तारखेला कलप लावायचा, म्हणजे मधला दिवस जटा आतून वाळण्यासाठी मिळतो. हे महत्त्वाचे अशासाठी की, ओल्या जटेत पाण्याने पोकळ्या आधीच व्यापलेल्या असतात. कलपाला आत शिरण्यास जागा मिळत नाही आणि जो शिरतो तो पातळ होतो.

रंग लावण्याची रीत पुढीलप्रमाणे. मिश्रण घट्ट लेपासारखे नसावे. निमुळत्या तोंडाच्या बाटलीतून ओघळेल इतके पातळ असावे. याकरिता मुळातच द्रवरूपात येणारा कलप निवडावा. घट्ट कलपात मनाने पाणी घालू नये. कपाळाच्या कडेला व कानांच्या पाळ्यांना व्हॅसलिन लावावे; मात्र ते केसांच्या मुळाला लागू देऊ नये. मानेजवळची एक जट प्रथम घ्यावी. टाळूपासून एक सेंटिमीटर अंतर सोडून बाटलीने मिश्रण चारही बाजूंनी ओतावे. मग अंगठा आणि तर्जनी यांत जट धरून मुळाकडून टोकाकडे इंचाइंचाने दाबावी आणि सोडावी. दाबल्याने आतील हवा बाहेर निघते आणि सोडल्याने मिश्रण आत ओढले जाते. ओले फडके पिळतो तशी जट पिळू नये. पिळल्याने आतला रंग बाहेर येतो, तिचा मूळचा वळ बदलतो आणि कमकुवत जागी ती तुटते. ब्रशने वरवर घासू नये. त्यामुळे पृष्ठभागावरचे केस उसवून जट विस्कटते. दुसऱ्या माणसाने पाच मिनिटांनी त्याच जटेला पुन्हा एकदा थोडे मिश्रण देऊन दाबावे, कारण पहिल्यांदा आत गेलेले द्रव्य पृष्ठभाग कोरडा करून गेलेले असते.

रंग आत पोहोचला की नाही, हे कसे ओळखावे? त्यासाठी ही पहिली जट उपयोगी पडते. पाकिटावरील वेळ पुरी झाली की प्रथम तेवढी एकच जट धुवावी, टिपावी आणि मध्यावर बोटाभोवती वाकवावी. वाकलेल्या जागी पृष्ठभागावरचे केस फाकतात. तेथे बोथट सुईच्या टोकाने दोन-चार केस बाजूला सारून आत पाहावे. आतले केस बाहेरच्यासारखेच दिसत असतील तर उत्तम. आत तांबूसपणा उरला असेल, तर उरलेल्या भागांना मिश्रण अधिक द्यावे आणि दाबण्याचा वेळ वाढवावा. पाकिटावर दिलेल्या वेळेपेक्षा कलप अधिक काळ ठेवू नये. ८ मिलिमीटर जटेचा मध्य क्वचित पूर्ण रंगतो. बाहेरचा एक-दीड मिलिमीटरचा थर एकसारखा रंगला, तरी नेहमीच्या वापरात फरक जाणवत नाही. बोटाएवढ्या किंवा त्याहून जाड जटांमध्ये मध्य कोरा राहणार, हे आधीच गृहीत धरावे.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. या मुलीला गडद रंग हवा आहे, म्हणून हे सर्व शक्य आहे. काळ्या जटा सोनेरी किंवा भडक लाल करावयाच्या असतील, तर आधी केसांचा मूळ रंग ब्लीचने उतरवावा लागतो. ब्लीच जटेच्या पोटात अडकले तर ते तेथे काम करीतच राहते. बाहेरून जट शाबूत दिसते आणि काही आठवड्यांनी मधूनच तुटून हातात येते. शिवाय ब्लीचच्या पुडीतील परसल्फेटमुळे काहींना गांधी उठतात, तर काहींना दमा होतो. म्हणून जटांना गडद करावे, उजळ करू नये, हा नियम पाळणे हिताचे.

धुणे : खरे काम येथे आहे

लावण्यास जेवढा वेळ लागला, त्याहून अधिक वेळ धुण्यास द्यावा. डोक्यावरून एक बादली पाणी ओतले की मोकळे केस स्वच्छ होतात. जटा होत नाहीत. चार भाग ज्या क्रमाने रंगवले, त्याच क्रमाने ते धुवावेत. प्रथम वाहत्या कोमट पाण्याखाली मुळाकडून टोकाकडे प्रत्येक जट दाबत न्यावी. नळाला धार नसेल तर तांब्याने पाणी घालावे. नंतर पांढऱ्या तामचिनी वा स्टीलच्या भांड्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यात पाच-सहा जटा बुडवाव्यात, पाण्यातच दाबाव्यात व सोडाव्यात. पाणी रंगले की बदलावे. पाणी नितळ राहीपर्यंत हे करीत राहावे. प्रत्येक भागाला दहा-पंधरा मिनिटे लागतील, असे धरून चालावे. मग शाम्पू लावून पुन्हा धुवावे. शेवटी एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून त्या पाण्याने जटा खळबळाव्यात. त्यामुळे अल्कधर्मी अंश निघून जातो आणि सैल झालेले खवले बसतात. हे पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नये.

धुणे पुरे झाले की नाही, याची कसोटी म्हणजे जुना पांढरा पंचा. त्यात जट घट्ट दाबून धरावी. डाग उमटला तर पुन्हा धुवावे. उशीवर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही डाग पडत असतील, तर आत कलप शिल्लक आहे, असे समजावे.

वाळवण्यातही घाई नको. बाहेरून कोरडी वाटणारी जट आतून एक दिवसपर्यंत ओली असू शकते. पंचाने टिपून ती मोकळी सोडावी, उन्हात किंवा पंख्याखाली वाळवावी आणि पूर्ण वाळेपर्यंत बांधू नये किंवा तिच्यावर झोपू नये. ओल राहिल्यास कुबट वास येतो. असा वास शाम्पूनंतरही टिकत असेल, तर आत बुरशी धरल्याची शंका घ्यावी. आपल्या उदाहरणातील मुलीने ६ तारखेला सकाळीच काम आरंभावे, याचे कारण हेच की दिवसाचे ऊन तिला मिळाले पाहिजे.

मेंदीविषयी थोडेसे

‘रासायनिक कलप नको, मेंदी लावू’ असा सल्ला घरोघरी दिला जातो. मोकळ्या केसांसाठी तो चांगला आहे. मेंदीतील लॉसोन हे द्रव्य केराटिनला बांधले जाते आणि तांबूस रंग देते. परंतु मेंदीचा लेप म्हणजे पानांचा चुरा आहे. वेणीतून तो कसाबसा झाडता येतो. जटेत शिरलेला चुरा वर्षानुवर्षे निघत नाही, ओल धरतो आणि करड्या-हिरव्या कणांच्या रूपाने डोकावत राहतो. ज्यांना जटांना मेंदीच हवी असेल, त्यांनी वस्त्रगाळ पूड रात्रभर कोमट पाण्यात भिजवावी, दुसऱ्या दिवशी ते पाणी दुहेरी मलमलीतून गाळून घ्यावे आणि केवळ तेच पाणी वापरावे. रंग फिका येईल, पण जट स्वच्छ राहील.

‘काळी मेंदी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पुडीबद्दल मात्र सावध राहावे. मेंदीचा रंग तांबूस असतो. तासाभरात कुळकुळीत काळा रंग देणाऱ्या पुडीत बहुधा पीपीडीच असते. नाव वनस्पतीचे, काम कलपाचे आणि वर जटेत अडकणारा चुरा, असा हा तिहेरी दोष आहे. पाकिटावरचे घटक वाचल्याशिवाय ती घेऊ नये.

डॉक्टरबंधूंसाठी

कलपाची बाधा झालेला रुग्ण टाळूकडे बोट दाखवीलच, असे नाही. टाळूची त्वचा जाड असते. पापण्या, कानांच्या पाळ्या, मान आणि कपाळाची कड येथे सूज व पाणी सुटणारे पुरळ प्रथम दिसते. पापण्या सुजलेल्या पाहून डोळ्यांचा विकार समजला जाण्याची शक्यता असते. गेल्या आठवड्यात कलप किंवा काळी मेंदी लावली होती काय, हा एक प्रश्न अशा वेळी निदान सोपे करतो.

मोकळ्या केसांचा रुग्ण एकदा स्वच्छ धुतला की कारण दूर होते आणि स्टेरॉइडचे मलम बहुधा पुरेसे पडते. जटाधारी रुग्णात कारण डोक्यावरच राहते. उपचाराने चार दिवस बरे वाटते, घाम आला किंवा डोके भिजले की आतला अंश पाझरतो आणि पुरळ पुन्हा उठते. अशा वेळी मलम बदलत बसण्यापेक्षा पांढऱ्या पंच्याची कसोटी दवाखान्यातच घ्यावी. डाग उमटत असेल तर वर सांगितल्याप्रमाणे भांड्यात बुडवून धुणे, हाच पहिला उपचार होय. त्यानेही भागले नाही तर जटा कापण्याचा सल्ला द्यावा लागतो. तो सल्ला कात्री हातात घेऊन नव्हे, तर समोर बसून द्यावा. तीन वर्षांची जोपासना त्या व्यक्तीच्या दृष्टीने लहान गोष्ट नसते. चेहरा झपाट्याने सुजत असेल, आवाज बसत असेल किंवा श्वास लागत असेल तर मात्र धुण्यात वेळ न दवडता तातडीने रुग्णालयात हलवावे.

पीपीडीची बाधा एकदा सिद्ध झाली की ती आयुष्यभर राहते, असे धरून चालावे आणि ते रुग्णाच्या कागदावर ठळकपणे लिहून द्यावे. बेंझोकेन असलेली भूल देणारी मलमे आणि काही रंगद्रव्ये यांचीही अशा व्यक्तीला बाधा होऊ शकते. ‘पीपीडीविरहित’ म्हणून मिळणाऱ्या कलपांत त्याच कुळातील दुसरे द्रव्य असू शकते. म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडून चाचणी करून घेतल्याशिवाय तेही सुचवू नयेत. आपल्या भागातील रुग्णाला त्यासाठी बालाघाट किंवा गोंदियाची वाट धरावी लागते, हे खरे. परंतु एका खेपेने पुढचा त्रास टळत असेल तर ती खेप वाया जात नाही.

२० तारखेच्या लग्नात त्या मुलीच्या जटा एकसारख्या गडद दिसतील. त्यामागे १ तारखेची चाचणी, ६ तारखेची चार निरनिराळ्या वेळी कालवलेली मिश्रणे आणि नितळ पाणी येईपर्यंत बदललेली भांडी असतील. यांतील शेवटची गोष्ट गाळण्याचा मोह सर्वाधिक होतो आणि दवाखान्याची पायरी बहुधा तिच्यामुळेच चढावी लागते. पंच्यावर डाग उमटत नाही तोवर रंगवण्याचे काम संपलेले नाही, एवढे घरातील एका माणसाने ध्यानात ठेवले तरी पुरे.